आधी निकाल, मग कलमं

शेतजमीन घ्यायला निघालेल्या एका शिक्षकांना वकिलांनी नऊ पानी अभिप्राय दिला. सुरुवात सातबाऱ्यापासून, मग फेरफार, मग कलमं. खरी गोष्ट आठव्या पानावर होती: विकणाऱ्या दोन भावांना एक बहीण आहे. तिथवर वाचणार कोण?

पुन्हा लिहिलेल्या अभिप्रायाचं पहिलंच वाक्य असं आहे: "आज इसार देऊ नका." त्याखाली धोका: आईवडील हयात नाहीत, त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा एक तृतीयांश हिस्सा आहे, उद्या ती वाटपाचा दावा लावू शकते. मग मार्ग: बहिणीला खरेदीखतात सही करायला लावा, किंवा तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून घ्या. नुसत्या स्टॅम्पपेपरवरची संमती चालणार नाही. दोन्ही जमत नसेल, तर व्यवहार सोडा.

कारणं शेवटी, अर्ध्या पानात. 2005च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क मिळाला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. सातबाऱ्यावर नाव नसल्याने मालकी जात नाही. ती नोंद मुळात महसुलासाठी. एक अट मात्र वकिलांनी वरच, निकालाला चिकटून ठेवली, आणि ते बरं केलं: 20 डिसेंबर 2004पूर्वीचं नोंदणीकृत वाटपपत्र निघालं, तर हा सल्ला बदलेल.