हरवली ती फक्त वायर

लॅपटॉपचं चार्जर हरवलं असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हरवलेली असते ती फक्त भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंत येणारी वायर. ठोकळा आणि त्यातून लॅपटॉपकडे जाणारी बारीक केबल एकसंध असते, म्हणून ती बॅगेत परत येते. भिंतीकडची वायर वेगळी निघते, म्हणून ती हॉटेलच्या खोलीत, वसतिगृहात नाहीतर कॉन्फरन्स हॉलच्या बोर्डावर राहून जाते. अशा वेळी अख्खं अडॅप्टर नवं घ्यायची काहीच गरज नसते. मात्र नुसती वायर घेताना कोणती घ्यायची, हे नीट कळलं पाहिजे.

पहिलं काम म्हणजे अडॅप्टर उलटून त्याच्या ज्या खाचेत वायर बसते ती खाच बघणं. आत दोन पिना शेजारी-शेजारी असतील आणि खाचेचा आकार आडव्या झोपलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असेल, तर ती सी-७ जातीची वायर. रेडिओ, टेपरेकॉर्डर, कितीतरी छोटे प्रिंटर ह्याच वायरीवर चालतात. आत तीन पिना त्रिकोणात असतील आणि खाचेला तीन गोलसर पाकळ्या असतील, तर ती सी-५. दुकानांत तिला कुणी तीन पिनची लॅपटॉप वायर म्हणतं, कुणी मिकी माउस म्हणतं. ही नावं आयईसी ६०३२० या आंतरराष्ट्रीय मानकातली आहेत. त्यामुळे अडॅप्टर कुठल्याही कंपनीचं असलं तरी ह्या जातीची वायर त्यात बसते. डेस्कटॉप कॉम्प्युटरला लागणारी जाडजूड वायर तिसरीच, सी-१३. काही गेमिंग लॅपटॉपच्या मोठ्या अडॅप्टरांना मात्र तीच लागते.

या दोन्ही छोट्या जोडण्यांची क्षमता मानकात २.५ अँपिअर ठरलेली आहे. आता नेहमीचं ६५ वॅटचं अडॅप्टर घ्या. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट, १.७ अँपिअर आणि आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. वायर निवडताना आउटपुटच्या आकड्यांचा संबंध नाही, कारण ते लॅपटॉपकडच्या बाजूचे आहेत. इनपुटचे १.७ अँपिअर हे १०० व्होल्टच्या देशातलं सगळ्यात वाईट गणित आहे. आपल्याकडच्या २३० व्होल्टला त्याहून बराच कमी प्रवाह लागतो. म्हणजे वायर बरोबर जातीची आणि प्रामाणिकपणे बनवलेली असेल, तर ती तापायचं कारण नाही.

खरा फरक आहे तो तिसऱ्या तारेचा. आठच्या आकाराच्या वायरीत दोनच तारा असतात, फेज आणि न्यूट्रल. तिथे अडॅप्टरच्या आत दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अंगावर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात. त्याला अर्थिंग लागतच नाही. तीन पाकळ्यांच्या अडॅप्टरचं तसं नाही. विजेतला गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या आत फेजपासून अर्थपर्यंत आणि न्यूट्रलपासून अर्थपर्यंत एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थ जोडलेला असला की त्यांतून गळणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थ तुटला की त्याला वाट राहत नाही, आणि अडॅप्टरचा अर्थ ज्याला जोडलेला असतो त्या भागावर पुरवठ्याच्या जवळपास निम्मा, म्हणजे सव्वाशेच्या आतला व्होल्टेज चढून बसतो. बऱ्याच अडॅप्टरांत हा अर्थ आउटपुटच्या निगेटिव्ह तारेला जोडलेला असल्यामुळे तो थेट लॅपटॉपच्या धातूच्या अंगापर्यंत पोहोचतो.

ह्याची खूण ओळखता येते. चार्जिंग चालू असताना धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की मुंग्या आल्यासारखं, खरखरीत लागतं. स्पीकर लावला तर घुमतो, टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारतो. चार्जर काढला की सगळं थांबतं. हा प्रवाह फार कमी असतो आणि सहसा इजा करत नाही. पण उद्या अडॅप्टरच्या आतलं इन्सुलेशन खराब झालं, तर ज्या तारेनं वाचवायचं ती तारच जागेवर नसते.

आमच्या सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलीची तीन पाकळ्यांची वायर प्रवासात राहिली. तिनं अडॅप्टर पिशवीत घालून दुकानात नेलं आणि “दादा, ह्यातच घालून दाखवा” म्हणाली. हे अगदी योग्य केलं. पहिली वायर खाचेत गेली, पण हलवली की अडॅप्टरवरचा दिवा विझायचा. अशी सैल वायर घ्यायची नाही. सैल जोडात ठिणगी पडते, टोक तापतं आणि हळूहळू काळं पडतं. दुसरी घट्ट बसली. तिच्या प्लगवर ६ अँपिअर २५० व्होल्ट आणि पाकळ्यांच्या टोकावर २.५ अँपिअर २५० व्होल्ट असं कोरलेलं होतं. वायरीच्या सालीवर तीन तारा, प्रत्येकी ०.७५ चौरस मिलिमीटर, हा मजकूर होता. ज्या वायरीवर असं काहीच लिहिलेलं नसतं, ती बाहेरून कितीही जाड दिसली तरी आत तांबं किती आहे ते सांगता येत नाही. तशी वायर दुकानातच ठेवावी.

घरी आल्यावर तिच्या वडिलांनी मल्टिमीटरनं ती तपासली. वायर भिंतीपासून आणि अडॅप्टरपासून पूर्ण मोकळी करायची, मीटर ‘बीप’वर ठेवायचा. एक टोक प्लगच्या जाड, लांब अर्थ पिनेला लावायचं आणि दुसरं पाळीपाळीनं तीनही भोकांत घालायचं. मीटरचं टोक आत पोहोचत नसेल तर बारीक टाचणी मध्ये धरायची. तीनपैकी नेमक्या एकाच भोकात बीप वाजला पाहिजे. कुठेच वाजला नाही, तर प्लगला तिसरी पिन दिसते खरी, पण आत तार नाही. बाजारात असा माल आहे. मग उरलेल्या दोन पिनाही अशाच बघायच्या. प्रत्येकीला आपापलं एकच भोक मिळालं की वायर बरोबर.

परदेशातून आलेल्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी. मुलगा अमेरिकेतून लॅपटॉप आणतो, अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचं असतं, म्हणजे ते इथे चालतं. त्याच्या वायरीवर मात्र १२५ व्होल्ट असं लिहिलेलं असू शकतं, आणि चपट्या पिनांसाठी घेतलेल्या कन्व्हर्टरमध्ये अर्थ पुष्कळदा जोडलेलाच नसतो. त्याच अडॅप्टरला भारतीय प्लगची वायर लावावी. कन्व्हर्टरची भानगडच राहत नाही.

आठच्या आकाराची वायर तीन पाकळ्यांच्या खाचेत बसवून देणारे छोटे जोडतुकडे मिळतात, तसेच तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये घालणारेही. दोन्ही अर्थ तोडूनच काम करतात. ते घेऊ नका, आणि प्लगची जाड पिन कापूही नका. नवी, तपासलेली वायर लावूनही लॅपटॉपला मुंग्या येत असतील, तर दोष बहुधा भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये आहे. तो वायरमनला बोलावून तपासून घ्या.