मोदकाचं चित्र काढायचं की फोटो?

उकडीच्या मोदकाची पाककृती लिहून होते, तोवर मोदक केव्हाच संपलेले असतात. पाककृतीसोबत चित्र तर हवंच, आणि दोन वाक्यं लिहिली की चित्र करून देणारी एआय साधनं आता फोनवरच आहेत. तिथे पहिला प्रश्न येतो तो शैलीचा. हुबेहूब फोटोसारखं चित्र मागायचं, की सपाट रंगांचं रेखाचित्र? या दुसऱ्या शैलीला ‘फ्लॅट व्हेक्टर’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हात धुण्याच्या पायऱ्या दाखवतात तशी ही चित्रं असतात: स्वच्छ कडा, एकेका आकारात एकच रंग आणि सावल्यांना फाटा.

निवड करताना ‘छान काय दिसेल’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि पदार्थ नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतो का, ते पाहावं. मोदक, करंजी, चकली, शंकरपाळे यांची नुसती कड काढली तरी मराठी माणूस नाव सांगतो. हे पदार्थ सपाट चित्रात छान उतरतात. पिठलं, ठेचा, मिसळ यांची ओळख मात्र आकारात नसते. ती वर तरंगणाऱ्या तर्रीत, दाण्यांच्या भरडपणात असते. सपाट रंगात पिठलं म्हणजे वाटीतला पिवळा गोल. तिथे फोटोशैलीला पर्याय नाही.

दुसरी कसोटी वाचकाच्या गरजेची. कळ्या कशा पाडायच्या हे समजावायचं असेल, तर फोटोतले हात, नखं, ओट्यावरचं पीठ यांत नजर अडकते. शिवाय एआयच्या चित्रात बोटांची गफलत अजूनही होते. सपाट चित्रात हात वगळून नुसती पारी दाखवता येते. उलट ‘उकड नीट झाली की मोदक कसा दिसतो’ हे दाखवायचं असेल, तर पारीची ओलसर चकाकी दिसायलाच हवी आणि ती फोटोतच दिसते.

आता प्रॉम्प्ट, म्हणजे साधनाला द्यायची लेखी सूचना. फोटोसाठी छायाचित्रकाराच्या भाषेत बोलावं लागतं: उजेड कुठून येतो, कॅमेरा किती उंचीवर आहे, पदार्थाचा पृष्ठभाग कसा आहे. नुसतं ‘उकडीचे मोदक’ लिहिलं तर बऱ्याचदा मोमो येतात. पीळ घातलेल्या निऱ्या, वर उघडं तोंड, बांबूची टोपली आणि शेजारी सॉस. साधन ज्या चित्रांवर शिकलेलं असतं, त्यांत मोदकांपेक्षा मोमोच्या जातीचे पदार्थ फार जास्त असतात. म्हणून नावावर न विसंबता आकाराचं वर्णन करायचं:

```
फोटो. केळीच्या पानावर पाच उकडीचे मोदक. पारी तांदळाच्या
पिठीची: पांढरी, ओलसर, किंचित चकाकणारी. बूड गोल, वर निमुळते,
बुडापासून टोकापर्यंत सरळ उभ्या बारीक कळ्या, टोक बंद.
पुढचा मोदक फोडलेला, आत गुळातलं सोनेरी तपकिरी ओलं खोबरं.
शेजारी पितळी वाटीत पातळ तूप. कॅमेरा मोदकांच्या थोडाच वर.
डावीकडून मागच्या खिडकीतला मऊ उजेड. पार्श्वभूमी धूसर.
```

यातल्या प्रत्येक शब्दाला काम आहे. पांढरा मोदक पांढऱ्या ताटलीत हरवतो, म्हणून खाली हिरवं पान. उजेड समोरून आला तर कळ्या सपाट होतात. तो बाजूने, जरा मागून आला की प्रत्येक कळीला बारीक सावली मिळते आणि ओलावा चमकतो. कॅमेरा थेट वर नेला तर मोदकाचं फूल होतं, उंची कळत नाही. थालीपीठ किंवा पुरणपोळी असती, तर मात्र वरूनच बरं.

सपाट चित्रासाठी ही सगळी भाषा सोडून द्यायची. इथे छपाईवाल्यासारखं बोलायचं: किती रंग, कोणते आकार, रेघ किती जाड. शैलीचं नाव इंग्रजीतच ठेवलेलं बरं, कारण तेच साधनाच्या ओळखीचं असतं.

```
flat vector illustration. शेजारी शेजारी तीन चौकटी.
पहिली: वाटीसारखी खोलगट पांढरी पारी.
दुसरी: तीच पारी, आत तपकिरी सारण, कडेला उभ्या कळ्या.
तिसरी: तोंड मिटलेला टोकदार मोदक, कळ्या तशाच उभ्या.
एकूण चार रंग: पांढरा, गुळाचा तपकिरी, रेघांसाठी गडद तपकिरी,
पार्श्वभूमीला फिकट पिवळा. प्रत्येक आकारात एकच सपाट रंग.
सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या. तिन्ही चौकटी समोरून पाहिलेल्या.
```

यात ‘मऊ उजेड’ किंवा ‘वाफाळता’ असा एखादा शब्द शिरला, की चित्र ना धड फोटो ना धड सपाट, प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं फुगीर होतं. फोटोच्या प्रॉम्प्टमधून रंगांची संख्या आणि रेघा काढा, सपाट चित्राच्या प्रॉम्प्टमधून उजेड आणि कॅमेऱ्याची भिंगं काढा. चौकटींखालची ‘पारी’, ‘कळ्या’ ही अक्षरंही साधनाकडून लिहून घेऊ नयेत. देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरं सहज बिघडतात. ती नंतर आपण टाइप करावीत.

आलेलं चित्र तपासताना आधी टोक पाहा, मग कळ्या सरळ आहेत की पीळ घेतलेल्या, मग सारण. सारण खिम्यासारखं दिसत असेल, तर ‘ओल्या खोबऱ्याचे बारीक धागे, गुळात परतलेले’ असं लिहा. चूक सुधारताना ‘सॉस नको’ म्हणण्यापेक्षा त्या जागी काय हवं ते सांगावं, कारण नकारातल्या वस्तूचंही नाव प्रॉम्प्टमध्ये येतं आणि काही साधनं तीच वस्तू काढून ठेवतात. ‘वाटीत फक्त पातळ तूप’ हे जास्त लागू पडतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

‘व्हेक्टर’ या नावाने एक गैरसमज होतो. खरी व्हेक्टर फाइल, म्हणजे एसव्हीजी, कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. एआयची बहुतेक साधनं व्हेक्टरसारखं दिसणारं, पण ठिपक्यांनीच बनलेलं चित्र देतात. पाककृतीची पुस्तिका छापायची असेल, तर ते इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये ट्रेस करून घ्यावं. रंग चारच असतील तर रूपांतर स्वच्छ होतं. सपाट चित्र पीएनजीत साठवा. जेपीजीत त्याच्या कडांभोवती डाग उमटतात. फोटोसाठी जेपीजी योग्य.

शेवटी निवाडा. पाककृतीखालचा फोटो म्हणजे ‘या प्रमाणाने, या कृतीने असं होतं’ अशी हमी असते. एआयने काढलेला मोदक कुणी उकडलेलाच नसतो, त्यामुळे तो ही हमी देऊ शकत नाही. नवशिक्या वाचक तशी चकाकी आणण्यासाठी पिठीत पाणी वाढवत बसेल. म्हणून पायऱ्या आणि साहित्यासाठी सपाट चित्र खुशाल एआयकडून घ्या. तयार पदार्थाचा फोटो मात्र पुढच्या वेळी मोदक संपण्याआधी, खिडकीपाशी ठेवून फोननेच काढा. तोवर एआयचा फोटो लावायचाच असेल, तर त्याखाली तसं स्पष्ट लिहा.