साठ रुपयांची क्लिप, तीस हजारांची पैठणी

वर्णन किती लांब असावे? किंमत पाहून ते ठरवता येते, पण खरे माप वेगळे आहे: पैसे देण्याआधी गिऱ्हाइकाच्या मनात किती प्रश्न येतात आणि खरेदी फसली तर किती नुकसान होते.

साठ रुपयांची केसांची क्लिप घेऊ. फोटो आवडला की हात पुढे जातोच. अडवणारे प्रश्न दोन-तीनच. म्हणून दोन ओळी पुरतात: ‘मोठी क्लिप, लांबी 9 सेंटीमीटर, दाट केसांसाठी. पाकिटात दोन नग.’ यापुढे प्लॅस्टिकचे गुणगान केले, तर सहज होणारी खरेदी विचारात पडते.

तीस हजारांच्या पैठणीचे उलटे. ती घरात चर्चा करून, चार दुकाने पाहून घेतली जाते. पहिला प्रश्न असतो, हातमागाची की यंत्रमागाची? इथे ‘अस्सल’ हा शब्द निरुपयोगी, पुरावा द्यावा. हातमागाच्या पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, तर यंत्रमागावरच्या नक्षीमागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. म्हणून मागच्या बाजूचा फोटो आणि त्याखाली हे वाक्य हवेच. मग रेशीम, जर कसली, लांबी, ब्लाउजपीस, धुलाई, परतीचा नियम. सुरुवातीला तीन ओळींचा सारांश, खाली उपशीर्षकांखाली तपशील.

वर्णन अपुरे आहे हे फोन सांगतात. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, की त्याचे उत्तर वर्णनात घालावे. ज्या वाक्याने एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते काढावे.