हक्कभाग आणि बोनस: पैसा कोणाच्या खिशातून जातो?

रिलायन्स इंडस्ट्रीजने 2020मध्ये हक्कभाग, म्हणजे राइट्स, देऊ केले आणि 2024मध्ये बोनस दिला. शेअरची संख्या दोन्ही वेळा वाढली, पण नवा पैसा कंपनीत आला तो एकदाच.

2020 साली कंपनीला कर्जाचा भार उतरवायचा होता. दर 15 शेअरमागे एक नवा शेअर 1,257 रुपयांना घेण्याचा हक्क तिने भागधारकांना दिला. त्यातून 53,124 कोटी रुपये उभे राहिले आणि सुमारे 42 कोटी शेअरची भर पडली. हा सगळा पैसा भागधारकांनी मोजला.

समजा, तुमच्याकडे 150 शेअर होते आणि बाजारभाव 1,450 होता. म्हणजे 10 हक्कभाग मिळणार, त्यांचे 12,570 रुपये. रिलायन्सने ही रक्कम हप्त्यांनी घेतली. आपण ती एकदम भरली असे धरू. जुन्या शेअरची किंमत 2,17,500. त्यात भरलेले पैसे मिळवून 160 शेअरमध्ये वाटले, तर भाव 1,438च्या आसपास येतो. नवे शेअर स्वस्तात आले, पण तेवढ्याच रकमेने जुने उतरले. पैसे भरणाऱ्याला ना नफा, ना तोटा.

नुकसान होते ते काहीच न करणाऱ्याचे. त्याच्या 150 शेअरचा भाव उतरतो, साधारण 1,800 रुपये जातात आणि कंपनीतला हिस्साही घटतो. पैसे नसतील तर हक्क विकता येतो. 2020मध्ये हे हक्क डिमॅट खात्यात जमा झाले होते आणि शेअर बाजारात त्यांची खरेदी-विक्री चालू होती. हक्क विकला असता तर ते 1,800 रुपये जवळपास हाती आले असते. विक्रीची मुदत अर्जाच्या मुदतीआधीच संपते आणि न वापरलेला हक्क रद्द होतो. म्हणून कंपनीचा ईमेल न वाचता सोडून देणे मला फार महागाचे वाटते.

बोनसमध्ये असे काही करावेच लागत नाही. ऑक्टोबर 2024मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. सुमारे 677 कोटी शेअरचे 1,353 कोटी झाले. कंपनीच्या राखीव निधीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात गेली, एवढाच जमाखर्च. 150 शेअरचे 300 झाले, भाव निम्म्यावर आला, हिस्सा होता तेवढाच राहिला. भाव आधी उतरतो आणि बोनस शेअर नंतर जमा होतात. त्यामुळे मधल्या दिवसांत मोबाइलवर गुंतवणूक अर्धी झालेली दिसते. त्या आकड्याला घाबरून विकू नये.

करात मात्र बोनस ‘फुकट’च धरला जातो. त्याची खरेदी किंमत शून्य, म्हणून विकल्यावर जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात मोजली जाते. हक्कभागाच्या बाबतीत भरलेले 1,257 रुपये वजा होतात. त्यासाठी पैसे भरल्याची नोंद जपून ठेवावी.