दन आणि धन

धारवाडला आमच्या शेजारी राहणारी सातवीतली मुलगी दिवाळीनंतर एकदा वही घेऊन आली. घर कन्नड, शाळा कन्नड. ‘दीपावळि’ या विषयावर लिहिलेल्या दोन पानांवर लाल शाईच्या खुणाच खुणा होत्या आणि त्यातल्या बहुतेक एकाच जातीच्या होत्या. निबंधाला कन्नडमध्ये ‘प्रबंध’ म्हणतात. तिने मथळ्यातच ‘प्रबंद’ लिहिलं होतं.

पुढे ‘संब्रमद हब्ब’ होतं, हवं होतं ‘संभ्रमद हब्ब’. (मराठी वाचकाने इथे गोंधळू नये. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदाचा सोहळा आणि हब्ब म्हणजे सण.) ‘शुभाशय’चं ‘शुबाशय’ झालं होतं. आणि एका वाक्यात तर गावाच्या मध्यभागी दिवे लावतात असं सांगताना तिने ‘ऊरिन मद्यदल्लि’ लिहिलं होतं. मध्य म्हणजे मधोमध, मद्य म्हणजे दारू. बाईंनी तिथे दोनदा अधोरेखित केलं होतं.

या चुकांमागे आळस नाही. तिच्या कानाने जे ऐकलं तेच हाताने लिहिलं. क-ख, ग-घ, द-ध, ब-भ या जोड्यांपैकी पहिल्या अक्षराला अल्पप्राण आणि श्वासाचा जोर लागणाऱ्या दुसऱ्याला महाप्राण म्हणतात, हे मराठीतही तसंच आहे. कन्नड वर्णमालेत असे दहा महाप्राण आहेत. पण कन्नडच्या अस्सल घरच्या शब्दांत ते जवळपास सापडतच नाहीत. मने, हब्ब, बेळकु (प्रकाश), एण्णे (तेल), बट्टे (कापड) यांपैकी एकातही महाप्राण नाही. ही अक्षरं मुख्यतः संस्कृत शब्दांसोबत आली. लिपीने ती ठेवून घेतली, बोलणाऱ्या जिभेने मात्र पुष्कळदा सोडून दिली. भक्तीचं ‘बकुति’ आणि विधीचं ‘बिदि’ असे बदललेले शब्द जुन्या कन्नड साहित्यातही आहेत. ‘गंटे’ (घंटा, तास) आणि ‘कते’ (कथा) तर आज शुद्ध मानले जातात. आपल्याकडेही हे थोडंफार झालंच आहे. हिंदीत ‘हाथ’ आहे तिथे मराठीत ‘हात’ आहे, ‘भूख’ आहे तिथे ‘भूक’ आहे. फरक एवढाच की आपण लिहिणंही बदललं.

मग मुलांना सांगायचं काय? शब्द घरचा की संस्कृतातून आलेला, हे आधी ओळखायचं. घरचा असेल तर महाप्राण लिहायचा मोह टाळायचा. संस्कृत असेल तर मात्र तो शब्द डोळ्याने लक्षात ठेवावा लागतो, कारण कान दगा देतो.

डोळ्यालाही ते सोपं नाही. कन्नडमध्ये ‘द’च्या खाली एक छोटी उभी रेघ दिली की ‘ध’ होतो. ड-ढ आणि प-फ यांचंही तसंच. घाईत ही रेघ राहून जाते. जोडाक्षरात तर दुसरं अक्षर खाली बारीक लिहितात, त्यामुळे ‘शुद्ध’, ‘समृद्धि’ यांतला ध हमखास द होतो. मोठ्यांनी रंगवलेल्या पाट्यांवरही ‘अभिवृद्दि’ मी पाहिलं आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती शेवटच्या परिच्छेदातली चूक. पाडव्याला शेतकरी गुरांना न्हाऊ घालून त्यांची पूजा करतात. गुरांना कन्नडमध्ये ‘दन’ म्हणतात. तिने लिहिलं होतं ‘धनगळन्नु पूजिसुत्तारे’, म्हणजे ‘धनांची पूजा करतात’. इथे चूक उलटी होती. इतक्या ठिकाणी महाप्राण राहिला म्हणून बोलणी खाल्लेल्या मुलीने, जिथे तो नको तिथेच नेमका घातला. शिवाय लक्ष्मीपूजनाला धनाची पूजा होतेच, त्यामुळे तिला शंकाही आली नाही. पण ‘गळु’ हा अनेकवचनाचा प्रत्यय तिनेच लावला होता आणि धनाचं अनेकवचन कोणी करत नाही. मी तिला विचारलं, “हे किती आहेत?” ती म्हणाली, “आज्जीकडे चार, काका.” आणि तिने स्वतःच रेघ खोडली.

राहिलेला महाप्राण आणि उगाच घातलेला महाप्राण या चुका एका मापाने मोजू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पहिली कानाची आहे, दुसरी नियम अर्धा कळल्याची. दुसरीवर नुसती लाल रेघ मारली तर मूल आणखी घाबरून आणखी रेघा घालतं.

भाषाशास्त्रज्ञ डी. एन. शंकर भट यांचं म्हणणं याहून पुढचं होतं. कन्नड लिहिताना महाप्राण टाकूनच द्यावेत, असं त्यांनी मांडलं, आणि कन्नडमध्ये स्वतःचं आडनाव ते ‘बट’ असं लिहू लागले. बोलण्यात नसलेला भेद लिहिण्यात लादला की गरीब घरचं मूल मागे पडतं, ही त्यांची तक्रार मला पटते. तरी मध्य आणि मद्य एकसारखे लिहिलेले मला चालणार नाहीत.

जाताना तिने दारात थांबून विचारलं, “काका, आपल्या गावाचं नाव सगळे दारवाड म्हणतात. मग ध कशाला?” मी तिला वहीच्या मागच्या पानावर तो ध काढायला लावला. खालच्या रेघेसकट.