पहिला पगार : गल्ल्यातील रोकड म्हणजे नफा नव्हे

आमच्या भाच्याला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मालेगावात पेढे वाटले गेले. 11 जूनला तो हजर झाला. 7 जुलैला 20 दिवसांचे साधारण 13 हजार रुपये हाती आले. त्यातील 10 हजार त्याने त्याच संध्याकाळी घरी पाठविले. 20 तारखेला आमच्या दुकानात फोन आला, "मामू, खानावळीचे पैसे द्यायचे आहेत, 2 हजार पाठवाल का?"

मुलाची नियत नेक होती, हिशेब मात्र चुकला होता. नवा दुकानदारही हेच करतो. दिवसभराची रोकड पाहून खूश होतो आणि त्यात व्यापाऱ्याची उधारी व दुकानाचे भाडे आहे हे विसरतो. पुढच्या रविवारी त्याला समोर बसवून आम्ही वहीचे एक पान आखले.

नेमणुकीच्या पत्रावर पगार 22 हजार. मूळ वेतन 15 हजार असल्याने त्याच्या 12 टक्क्यांनी भविष्य निर्वाह निधीचे 1,800 कापले जातात आणि व्यवसाय कराचे 200. हाती उरतात 20 हजार. हिशेब या आकड्यावरच मांडायचा, पत्रावरच्या नव्हे. ओव्हरटाइम त्यात धरायचा नाही. ज्या महिन्यात मिळेल त्या महिन्यात तो वरकड समजावा.

प्रथम स्वतःचे राहणे-खाणे. तिघांच्या खोलीचे भाडे 9 हजार, म्हणजे याचे 3 हजार, विजेचे 300 आणि खानावळ 3,700. एकूण 7 हजार. मग घर. येथे आम्ही बहिणीला व मेव्हण्यांनाही सोबत घेतले. दर महिन्याला "जमेल तेवढे" पाठविले तर ना मुलाला अंदाज राहतो ना घराला. एका महिन्यात 10 हजार आणि दुसऱ्या महिन्यात शून्य यापेक्षा ठरलेले 6 हजार घराला अधिक उपयोगी पडतात, कारण वाण्याला त्यावर तारीख देता येते. अब्बांनी लगेच मान्य केले. अम्मींना समजावण्यात मात्र दोन कप चहा गेले!

राहिले 7 हजार. येथे बहुतेक मुले एक चूक करतात, ईद व शाळेची फी यांनाही अडचण समजतात. जे येणार हे ठाऊक आहे ती अडचण कसली? दोन्ही ईदचे कपडे व प्रवास 9 हजार, धाकट्या बहिणीची फी व पुस्तके 7 हजार, मोटारसायकलचा विमा व दुरुस्ती 2 हजार, असे वर्षाचे 18 हजार आम्ही लिहून काढले. 12 ने भागले की महिन्याला 1,500. ते वेगळे ठेवायचे.

खरी अडचण वेगळी : आजारपण, नोकरी सुटणे, खोलीतला एक साथीदार निघून जाणे. शेवटचे कोणी ध्यानात घेत नाही, पण तिसरा गेला की याच्या वाट्याचे भाडे 3 हजारांवरून 4,500 होते. यासाठी महिन्याला 2 हजार. राहणे-खाणे व घर मिळून 13 हजार होतात. तेवढी रक्कम साठायला साडेसहा महिने लागतात. पहिला टप्पा तो. नंतर तीन महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे 39 हजार होईपर्यंत थांबायचे नाही. बचतीला फक्त 1 हजार ठेवले, कारण निधीत 1,800 आधीच जात आहेत. उरलेल्या 2,500 मध्ये फोन व किरकोळ, आणि आठवड्याला 500 हातखर्च.

खोलीच्या अनामतीचे 9 हजार आमच्याकडून घेतलेले होते. म्हणून पहिले तीन महिने अडचणीचे 2 हजार व बचतीचे 1 हजार कर्जफेडीत गेले.

अडचणीचे व ईदचे पैसे दुसऱ्या बँकेच्या खात्यात, एटीएम कार्डाविना. तो खाते फोनला जोडणार नाही हेही ठरले. पगार 7 तारखेला येतो, 8 तारखेला रक्कम आपोआप तिकडे जाते. खात्यावर जमा होणाऱ्या व्याजाचे काय करावे हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

परीक्षा डिसेंबरात झाली. घरच्या यंत्रमागाची मोटर जळाली, खर्च 5 हजार. कर्ज फिटून दोनच महिने झाले होते आणि खात्यात 4 हजार होते. मुलगा सारे द्यायला निघाला. आम्ही 2 हजार दिले, बाकीचे मेव्हण्यांनी मिस्त्रीला दोन हप्त्यांत देण्याचे ठरविले. खाते रिकामे करून तोच तापाने पडला असता तर 6 हजारही थांबले असते. काढलेले 2 हजार भरून निघेपर्यंत बचतीचे 1 हजार त्या खात्यात वळविले.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. फेब्रुवारीच्या पगारात 100 रुपये कमी आले, काही गडबड आहे का? आम्ही सांगितले, गडबड नाही, व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 असतो. तो म्हणाला, "मग त्या आठवड्याचा हातखर्च 400 लिहितो."