पोस्टरवरचे आचारी आणि आचार्य

दिवाळी फराळ स्पर्धेचं पोस्टर करायचं आहे असं धरू. फॉन्ट शोधताना आपण बहुधा ‘अआइई’ किंवा स्वतःचं नाव टाइप करून बघतो. त्यात सगळेच फॉन्ट छान दिसतात. त्यापेक्षा ही ओळ टाइप करा: ‘आचाऱ्यांनी ॲपवर ऑनलाइन रजिस्ट्रेशन करावे.’

यात मराठीच्या दोन अडचणीच्या जागा आहेत. पहिली ‘ऱ्या’. हिंदीला ही आडवी खूण लागत नाही, त्यामुळे काही फॉन्टमध्ये ती नीट बनत नाही. कुठे ‘र’खाली टिंब आणि पाय मोडलेला दिसतो, कुठे सरळ रफार येतो. रफार आला की ‘आचाऱ्यांनी’चं ‘आचार्यांनी’ होतं, म्हणजे चकल्या स्वयंपाक्यांनी नव्हे, गुरुजींनी तळायच्या! दुसरी जागा ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन दिसतो, किंवा ते अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून उसनं येतं आणि शेजाऱ्यांपेक्षा जाड-बारीक दिसतं. ॲडमिशन, ॲप हे शब्द आपल्या पोस्टरवर असतातच, म्हणून ही परीक्षा आधी घ्यावी.

परीक्षेनंतर माझी पसंती शीर्षकासाठी Baloo 2 आणि मजकुरासाठी Mukta. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’चे आहेत आणि गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. दोन्हींत रोमन अक्षरंही त्याच घराण्यातली आहेत. त्यामुळे वेबसाइटचा पत्ता रोमनमध्ये आला तरी तो मराठीच्या मानाने उंच किंवा काळाकुट्ट वाटत नाही. केशवापुरात पोस्टर दुकानाच्या दारावर लावायचं तर कानडी ओळही हवीच. तिच्यासाठी Baloo Tamma 2 हे Baloo चंच कानडी भावंड आहे, दोन लिपी एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. एक टाइपचाच Modak फार गोड आहे, पण इतका जाड की अक्षरांच्या पोटातली जागा जवळजवळ बुजते. ‘लाडू’ एवढा एकच शब्द मोठा लिहायला ठीक, अख्ख्या वाक्याला नको.

ए-3 कागदावर मजकूर 24 पॉइंट ठेवला तर ओळीतलं अंतर 36 च्या आसपास घ्या. इंग्रजीला पुरणारं अंतर इथे कमी पडतं, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि ‘फराळ’चे तीन तुकडे होतात. जागा भरायचीच असेल तर आकार वाढवा.

छापखान्यात फाइल देताना पीडीएफ द्या. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला, तर उघड्या फाइलीत दुसराच फॉन्ट येतो आणि आचाऱ्यांचे पुन्हा आचार्य होऊ शकतात. पहिली प्रत हातात आली की तीच ओळ आधी वाचा.